हात हलवूनही न लागणारा दिवा

पुण्या-ठाण्याकडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून असते ती ड्राय बाल्कनी मोशन सेन्सरच्या दिव्यासाठी अगदी योग्य जागा आहे. तिथे वॉशिंग मशीन असतं, भांडी घासायचं सिंक असतं आणि माणूस तिथे जातो तेव्हा बहुधा त्याचे दोन्ही हात भरलेले असतात. बटण शोधायला नको म्हणून कोपऱ्यात एक छोटा सेन्सर चिकटवला जातो आणि घरातल्या स्मार्ट हबवर तीन ओळींचं ऑटोमेशन तयार होतं: हालचाल दिसली की दिवा लाव, तीन मिनिटं थांब, मग बंद कर. सुरुवातीला सगळं छान चालतं. मग एका रात्री भांडी अर्धवट घासलेली असताना दिवा विझतो. घासणारा माणूस साबणाचे हात हलवतो, मागे-पुढे होतो, पण दिवा काही लागत नाही.

अशा वेळी संशय सगळ्यात आधी सेन्सरवर जातो. त्याचा सेल बदलला जातो, जागा बदलली जाते, संवेदनशीलता वाढवली जाते. पण सेन्सर बहुतेकदा आपलं काम चोख करत असतो. चूक असते ती ऑटोमेशनच्या तळाशी असलेल्या एका शब्दात, जो अनेकांनी उघडूनही पाहिलेला नसतो. त्याला ‘मोड’ म्हणतात.

‘होम असिस्टंट’ ही २०१३ साली सुरू झालेली मुक्त प्रणाली घरच्या हबसाठी जगभर वापरली जाते. जुलै २०२० मध्ये आलेल्या तिच्या ०.११३ या आवृत्तीपासून प्रत्येक ऑटोमेशनला चारपैकी एक मोड देता येतो: सिंगल, रीस्टार्ट, क्यूड आणि पॅरलल. काहीच निवडलं नाही तर सिंगल धरला जातो. हे चारही मोड एकाच प्रश्नाची चार उत्तरं आहेत. ऑटोमेशनची एक फेरी अजून चालू आहे आणि तेवढ्यात ते सुरू करणारी घटना पुन्हा घडली, तर काय करायचं? सिंगल म्हणतो, दुसरी घटना सोडून द्या. रीस्टार्ट म्हणतो, चालू फेरी तिथेच थांबवा आणि पहिल्यापासून सुरू करा. क्यूड दुसरी फेरी रांगेत उभी करतो आणि पहिली संपली की तिला सोडतो. पॅरलल दोन्ही फेऱ्या शेजारी शेजारी चालू देतो.

एका क्षणात संपणाऱ्या ऑटोमेशनला मोड कोणताही असला तरी फरक पडत नाही, कारण दुसरी घटना घडेपर्यंत पहिली फेरी संपलेली असते. प्रश्न येतो तो फेरीच्या पोटात थांबणं असतं तेव्हा. मोशनच्या दिव्यात नेमकं तेच असतं. दिवा लावायला सेकंदसुद्धा लागत नाही. पण पुढची तीन मिनिटं ती फेरी जिवंत राहून घड्याळ मोजत बसते. त्या तीन मिनिटांत माणूस पुन्हा आत आला तर काय, हे मोड ठरवतो.

बाल्कनीतलं ते पहिलं ऑटोमेशन असं दिसतं:

```yaml
triggers:
  - trigger: state
    entity_id: binary_sensor.dry_balcony_motion
    from: "off"
    to: "on"
actions:
  - action: light.turn_on
    target:
      entity_id: light.dry_balcony
  - delay: "00:03:00"
  - action: light.turn_off
    target:
      entity_id: light.dry_balcony
mode: single
```

यातल्या `from` आणि `to` या दोन ओळी नीट पाहायला हव्यात. ऑटोमेशन हालचालीवर सुरू होत नाही. सेन्सरची स्थिती ‘ऑफ’वरून ‘ऑन’वर गेली, त्या बदलावर ते सुरू होतं. सेन्सर आधीच ‘ऑन’ असेल तर समोर कोणी कितीही हालचाल केली तरी बदल घडत नाही आणि ऑटोमेशनला काही कळत नाही. शिवाय बहुतेक सेन्सर हालचाल थांबल्याबरोबर ‘ऑफ’ होत नाहीत. अकाराच्या जुन्या, बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरसारखे काही तर हालचाल थांबल्याचं कळवतच नाहीत. मग `Zigbee2MQTT` सारखं मधलं सॉफ्टवेअर शेवटची हालचाल कळल्यापासून ९० सेकंद मोजतं आणि आपणच ‘ऑफ’ची नोंद करतं. तेवढ्या वेळात आणखी हालचाल कळली तर ९० सेकंद नव्याने मोजले जातात.

आता ती रात्र घड्याळ लावून पाहू. बरोबर दहा वाजता घरातली एक बाई कपडे मशीनमध्ये टाकायला बाल्कनीत जाते आणि लगेच परतते. सेन्सर ‘ऑन’, दिवा लागला, तीन मिनिटं मोजायला सुरुवात. १० वाजून १ मिनिट ३० सेकंदांनी सेन्सर ‘ऑफ’ होतो. १० वाजून २ मिनिटं १० सेकंदांनी ती भांडी घेऊन पुन्हा बाल्कनीत येते. सेन्सर ‘ऑन’ होतो, घटना घडते. पण मोड सिंगल आहे आणि पहिली फेरी अजून मोजतेच आहे, म्हणून ही घटना सोडून दिली जाते. १० वाजून ३ मिनिटांनी पहिली फेरी आपलं शेवटचं काम करते आणि दिवा बंद होतो. सिंकपाशी अंधार.

खरी गंमत यानंतर आहे. बाई हात हलवते. सेन्सरला ते दिसतं, पण तो आधीच ‘ऑन’ आहे. उलट प्रत्येक हालचालीने त्याचे ९० सेकंद नव्याने सुरू होतात. म्हणजे ती जितकी जास्त हात हलवेल, तितका सेन्सर जास्त वेळ ‘ऑन’ राहील आणि तितका अंधारही लांबेल. दिवा लागण्यासाठी तिने दीड मिनिट बाल्कनीबाहेर जाऊन, किंवा अगदी निश्चल उभं राहून, सेन्सरला ‘ऑफ’ होऊ द्यायला हवं आणि मग पुन्हा हलायला हवं. हे कोणाच्या डोक्यात येणं शक्य नाही, म्हणूनच घरात सगळे सेन्सर खराब आहे असं ठरवून मोकळे होतात.

दोष मोडचा आहे की सेन्सरचा, हे तपासणं मात्र सोपं आहे. सिंगल मोडमध्ये घटना सोडून दिली गेली की होम असिस्टंटच्या लॉगमध्ये ऑटोमेशनच्या नावापुढे `Already running` असा इशारा उमटतो. शिवाय प्रत्येक ऑटोमेशनच्या ‘ट्रेस’मध्ये त्याच्या अलीकडच्या फेऱ्या सेकंदांसकट दिसतात, एरवी शेवटच्या पाच साठवलेल्या असतात. तिथे १० वाजून २ मिनिटांची फेरी सुरू होताच थांबलेली दिसली, की सेन्सरचा सेल बदलण्याची गरज उरत नाही.

मग मोड बदलायचा तर कोणता? नावं वाचून पुष्कळांना क्यूड बरा वाटतो. एकही हालचाल वाया जाणार नाही, प्रत्येकीचा नंबर लागेल. पण त्याच रात्री क्यूड लावून पाहिला तर काय होईल? १० वाजून २ मिनिटांची घटना रांगेत उभी राहील. १० वाजून ३ मिनिटांनी पहिली फेरी दिवा बंद करेल आणि त्याच क्षणी दुसरी तो पुन्हा लावेल. सिंकपाशी दिवा डोळा मिचकावल्यासारखा लुकलुकेल. मग १० वाजून ६ मिनिटांपर्यंत तो चालू राहील, बाई तिथे असो वा नसो. घरात पाहुणे आहेत आणि बाल्कनीत सारखी ये-जा चालू आहे अशा संध्याकाळी ही रांग वाढत जाते. चालू फेरी धरून दहा फेऱ्या ही तिची ठरलेली मर्यादा; आणि रांग भरलेली असताना सगळे झोपायला गेले, तरी दिवा जवळपास अर्धा तास जळत राहील आणि दर तीन मिनिटांनी एकदा लुकलुकेल. रात्री बाल्कनीतला दिवा आपोआप उघडझाप करतो अशी तक्रार ऐकू आली, तर सगळ्यात आधी मोड क्यूड आहे का हे पाहावं.

पॅरललही इथे उपयोगाचा नाही. त्यात दोन फेऱ्या एकमेकींना न विचारता चालतात. दुसरी आपली तीन मिनिटं मोजत असतानाच १० वाजून ३ मिनिटांनी पहिली येऊन दिवा बंद करते. अंधार सिंगलइतकाच, फक्त लॉगमध्ये इशारा नाही, त्यामुळे कारण शोधणं जास्त अवघड.

उरला रीस्टार्ट, आणि मोशनच्या दिव्याला तोच हवा. १० वाजून २ मिनिटं १० सेकंदांची घटना आली की पहिली फेरी मोडीत निघते. तिचं दिवा बंद करणं कधी होतच नाही. नवी फेरी दिवा पुन्हा लावते, म्हणजे लागलेलाच ठेवते, आणि तीन मिनिटं नव्याने मोजू लागते. लुकलुक नाही, रांग नाही. होम असिस्टंटमध्ये मोशनच्या दिव्यासाठी जो तयार नमुना, म्हणजे ब्लूप्रिंट, सोबत येतो, त्यातही मोड रीस्टार्टच आहे.

पण नुसता मोड बदलून थांबलं तर दिवा पुन्हा दगा देतो, आणि इथेच बरेच जण वैतागून हा नाद सोडतात. बाई १० वाजून २ मिनिटांनी आली ती १० वाजून ७ मिनिटांपर्यंत भांडी घासत राहिली असं धरू. इतका वेळ ती हलत असल्यामुळे सेन्सर सलग ‘ऑन’ आहे. म्हणजे ‘ऑफ’वरून ‘ऑन’ हा बदल पुन्हा घडलाच नाही. बदल नाही म्हणून रीस्टार्टही नाही. नवी फेरी आपली तीन मिनिटं मोजते आणि १० वाजून ५ मिनिटं १० सेकंदांनी दिवा बंद करते. अंधार पुन्हा तोच, हात हलवणंही पुन्हा तितकंच निरुपयोगी.

चूक आता मोडमध्ये नसून घड्याळ कधी सुरू केलं यात आहे. तीन मिनिटं मोजायची ती माणूस आल्यापासून नव्हे, गेल्यापासून. म्हणून दिवा लावल्यावर फेरीने आधी सेन्सर ‘ऑफ’ होण्याची वाट पाहायची आणि मगच मोजायला लागायचं. वर उल्लेख केलेला ब्लूप्रिंट हेच करतो:

```yaml
actions:
  - action: light.turn_on
    target:
      entity_id: light.dry_balcony
  - wait_for_trigger:
      - trigger: state
        entity_id: binary_sensor.dry_balcony_motion
        from: "on"
        to: "off"
  - delay: "00:00:30"
  - action: light.turn_off
    target:
      entity_id: light.dry_balcony
mode: restart
```

इथे थांबण्याचा वेळ तीन मिनिटांवरून ३० सेकंदांवर आणला आहे, आणि तो मुद्दाम. बाई १० वाजून ७ मिनिटांनी गेली तर सेन्सरचे स्वतःचे ९० सेकंद धरून तो १० वाजून ८ मिनिटं ३० सेकंदांनी ‘ऑफ’ होतो. त्यावर आणखी तीन मिनिटं मोजली असती तर रिकाम्या बाल्कनीत दिवा साडेचार मिनिटं जळला असता. ३० सेकंदांत तो १० वाजून ९ मिनिटांनी बंद होतो. सेन्सरचा धरून ठेवण्याचा वेळ आणि ऑटोमेशनमधला वेळ यांची बेरीज होते, हे लक्षात घेऊनच आकडा टाकावा. आणि बाथरूमसारख्या जागी, जिथे माणूस बराच वेळ स्थिर बसतो, तो थोडा सढळ ठेवावा. साधा मोशन सेन्सर अवरक्त उष्णतेतला बदल टिपतो. स्थिर बसलेला माणूस त्याला दिसत नाही. तिथे कोणताही मोड मदतीला येणार नाही; एक तर वेळ वाढवायचा, नाहीतर श्वासाची हालचालही ओळखणारा रडारचा सेन्सर लावायचा.

रीस्टार्ट प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून सुरू होतो, याचा एक बारीक परिणाम आहे. दिवा लावण्याच्या आज्ञेत ८० टक्के प्रकाश असं लिहिलं असेल आणि कोणी हाताने तो २० टक्क्यांवर आणला असेल, तर पुढच्या रीस्टार्टला दिवा परत ८० वर जातो. रात्री झोपेतून उठून बाथरूममध्ये गेलेल्या माणसाला हे फार जाचतं. उपाय साधा आहे: दिवा आधीच लागलेला असेल तर लावण्याची पायरी गाळायची, अशी अट त्या पायरीला घालायची.

रीस्टार्टचे दोन मोठे सापळे मात्र वेगळे आहेत आणि ते दोन्ही चांगल्या हेतूने केलेल्या सुधारणांतून तयार होतात.

पहिला सापळा प्रकाशाच्या अटीचा. दिवसा उजेडात दिवा कशाला लागायला हवा, म्हणून शहाणा माणूस ऑटोमेशनला अट घालतो: उजेड ३० लक्सपेक्षा कमी असेल तरच. उजेड मोजणारा सेन्सर बऱ्याचदा त्याच मोशन सेन्सरच्या पोटात असतो. आता होम असिस्टंटचा नियम असा आहे की घटना घडल्यावर आधी अटी तपासल्या जातात, आणि त्या पूर्ण झाल्या तरच जुनी फेरी मोडून नवी सुरू होते. रात्री दहाला बाल्कनीत ४ लक्स उजेड आहे. अट पूर्ण, दिवा लागला. दिवा लागल्यावर तोच सेन्सर ६० लक्स दाखवू लागतो. १० वाजून १ मिनिट ३० सेकंदांनी सेन्सर ‘ऑफ’ झाला, ३० सेकंद मोजणं सुरू झालं. बाई १० वाजून १ मिनिट ४५ सेकंदांनी परत आली. घटना घडली, अट तपासली गेली, उजेड ६० लक्स, अट नापास. रीस्टार्ट झालाच नाही. जुनी फेरी १० वाजून २ मिनिटांनी दिवा बंद करून मोकळी झाली आणि बाई पुन्हा अंधारात हात हलवत उभी.

लक्षणं हुबेहूब सिंगल मोडचीच, कारण मात्र वेगळं. फरक ट्रेस सांगतो: तिथे १ मिनिट ४५ सेकंदांची फेरी अटीपाशी थांबलेली दिसते आणि अट उघडली की त्या क्षणाचा लक्सचा आकडाही दिसतो. स्वतःच लावलेल्या दिव्याचा उजेड ऑटोमेशनला फसवू नये, म्हणून अटीत एक पर्याय वाढवायचा: उजेड कमी असेल किंवा हा दिवा आधीच लागलेला असेल.

```yaml
conditions:
  - condition: or
    conditions:
      - condition: numeric_state
        entity_id: sensor.dry_balcony_illuminance
        below: 30
      - condition: state
        entity_id: light.dry_balcony
        state: "on"
```

ही दुरुस्ती तपासताना ऑटोमेशनच्या मेनूतलं ‘रन’ बटण दाबून चालत नाही. ते बटण अटी न तपासता थेट कृती चालवतं, त्यामुळे तिथे सगळं ठीक दिसतं आणि रात्री पुन्हा अंधार होतो. प्रत्यक्ष बाल्कनीत जाऊन, बाहेर येऊन, सेन्सर ‘ऑफ’ झाल्याचं फोनवर पाहून आणि लगेच परत आत शिरूनच खात्री होते.

दुसरा सापळा नीटनेटकेपणाच्या हौसेचा. ड्राय बाल्कनी, बाथरूम, पॅसेज अशा तीन जागांसाठी तीन सारखीच ऑटोमेशन लिहिण्याऐवजी काही जण एकच लिहितात: तिन्ही सेन्सर त्यातच घ्यायचे आणि ज्या जागी हालचाल झाली तिथला दिवा लावायचा. कागदावर हे सुबक दिसतं. पण मोड हा ऑटोमेशनला लागू असतो, खोलीला नाही. बाथरूममधून माणूस बाहेर पडला, तिथला दिवा बंद होण्याची फेरी मोजत आहे. पुढच्या पावलाला तो पॅसेजमध्ये येतो. पॅसेजचा सेन्सर ‘ऑन’ होतो, ऑटोमेशन रीस्टार्ट होतं, आणि बाथरूमची अर्धी झालेली फेरी मोडते. बाथरूमचा दिवा बंद करणारं आता कोणीच उरलेलं नसतं. तो सकाळपर्यंत जळतो, किंवा पुन्हा कोणी बाथरूममध्ये जाईपर्यंत.

म्हणून रीस्टार्ट वापरायचा तर जागा एक, ऑटोमेशन एक. ब्लूप्रिंटची खरी सोय इथेच आहे: नमुना एकच राहतो, पण प्रत्येक खोलीसाठी त्यातून स्वतंत्र ऑटोमेशन तयार होतं आणि एकीची फेरी दुसरीला मोडत नाही. एकाच जागेत दोन सेन्सर असतील, म्हणजे लांब पॅसेजच्या दोन टोकांना, तर दोघांचा एक गट करून ऑटोमेशनला तो गट द्यावा. गटातला एकही सेन्सर ‘ऑन’ असेपर्यंत गट ‘ऑन’ राहतो आणि दिवा विझत नाही.

क्यूड आणि सिंगल मग कुठे कामाला येतात? क्यूड शोभतो तो जिथे प्रत्येक घटनेचं स्वतःचं मोल आहे आणि क्रम चुकून चालत नाही तिथे. उदाहरणार्थ, घरातल्या स्पीकरवर बोलून सूचना देणारं ऑटोमेशन. आधी ‘वॉशिंग मशीन थांबलं’ आणि लगोलग ‘दारावर कोणीतरी आहे’ अशा दोन सूचना आल्या, तर पहिली पूर्ण झाल्यावर दुसरी ऐकू यायला हवी. रीस्टार्ट असता तर पहिली अर्ध्यात तुटली असती, पॅरलल असता तर दोन्ही एकमेकींवर बोलल्या असत्या.

सिंगल तर मुद्दामच वापरावा अशा जागा आहेत. दारावरची बेल वाजली की फोनवर फोटो पाठवायचा, पण बेल दाबणारा अधीर असेल तर चार फोटो नकोत. तिथे फोटो पाठवल्यावर ३० सेकंद थांबायचं आणि मोड सिंगल ठेवायचा. त्या ३० सेकंदांतल्या पुढच्या घंटा आपोआप गाळल्या जातात. बाल्कनीत जो दोष होता तोच इथे हवा असलेला गुण आहे. फक्त लॉगमध्ये दर वेळी इशारा उमटू नये म्हणून `max_exceeded: silent` ही ओळ वाढवावी. पॅरललचा उपयोग एकमेकांशी संबंध नसलेल्या फेऱ्यांना: कोणतीही खिडकी उघडली की दहा मिनिटांनी आठवण करून देणारं एकच ऑटोमेशन असेल, तर प्रत्येक खिडकीचं घड्याळ वेगळं चालायला हवं.

मोशनच्या दिव्यावर परत यायचं तर फेरी बराच वेळ थांबते त्यातून आणखी एक अडचण निघते, आणि मोड कितीही योग्य असला तरी ती राहतेच. थांबलेली फेरी हबच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. हब रीस्टार्ट झाला, किंवा ते ऑटोमेशन उघडून एखादा बदल करून सेव्ह केलं, तर चालू फेरी नाहीशी होते आणि दिवा बंद करण्याचं काम राहून जातं. तसंच, सेन्सर ‘ऑन’ असताना त्याचा संपर्क तुटला, स्थिती ‘अनअव्हेलेबल’ झाली आणि परत आल्यावर थेट ‘ऑफ’ दाखवू लागली, तर ‘ऑन’वरून ‘ऑफ’ हा बदल कधी घडतच नाही. फेरी त्याची वाट पाहत कितीही वेळ बसून राहते. ऑटोमेशनच्या स्थितीत `current` नावाचा आकडा असतो, तो चालू फेऱ्यांची संख्या दाखवतो. रिकाम्या घरात तो तासभर १ दिसला तर हेच झालेलं असतं. वाट पाहण्याच्या पायरीला अर्ध्या तासाचा `timeout` दिला की फेरी तेवढ्या वेळानंतर पुढे सरकते आणि दिवा बंद करते. मग कोणी खरोखरच अर्धा तास सलग हलत राहिलं तर त्यालाही अंधार सोसावा लागेल, म्हणून बाल्कनीसाठी अर्धा तास ठीक, स्वयंपाकघरासाठी दोन तास बरे.

या सगळ्यापेक्षा वेगळी एक रचनाही आहे, जिच्यात मोडचा प्रश्न जवळपास उरतच नाही. थांबणं कृतीतून काढून घटनेत ठेवायचं: सेन्सर ‘ऑन’ झाला की दिवा लाव, ही एक घटना, सेन्सर सलग ३० सेकंद ‘ऑफ’ राहिला की दिवा बंद कर, ही दुसरी. त्यासाठी घटनेच्या वर्णनात `for: "00:00:30"` एवढीच ओळ लागते. मोजणी प्रणाली स्वतः करते, मधेच सेन्सर ‘ऑन’ झाला तर मोजणी आपोआप रद्द होते आणि प्रत्येक फेरी क्षणात संपते, त्यामुळे दोन फेऱ्यांची टक्कर होण्याची वेळच येत नाही. इथे उजेडाची अट फक्त लावण्याच्या बाजूला घालायची, बंद करण्याच्या बाजूला नाही. पण ही मोजणीदेखील हब रीस्टार्ट झाल्यावर पुसली जाते.

ज्या गावात वीज दिवसातून दोनदा जाते आणि हबला बॅकअप नाही, तिथे हे किरकोळ राहत नाही. वीज परत आल्यावर बरेचसे स्मार्ट बल्ब स्वतःहून पेटतात, कारण कारखान्यातून येतानाच ते तसे ठरवलेले असतात, आणि त्यांना बंद करणारी फेरी मात्र विजेबरोबर गेलेली असते. अशा घरात दोन गोष्टी करून ठेवाव्यात. बल्बच्या सेटिंगमध्ये वीज आल्यावरची स्थिती ‘बंद’ किंवा ‘आधी होती तशी’ करता येत असेल तर करावी. आणि हब सुरू झाल्याच्या घटनेवर चालणारं एक छोटं ऑटोमेशन लिहावं: सेन्सर हबशी जोडले जायला दोन मिनिटं थांब, मग ज्या ज्या जागी सेन्सर ‘ऑफ’ आहे तिथला दिवा बंद कर. हे ऑटोमेशन हब चालू झाल्यावर एकदाच चालतं, म्हणून त्याचा मोड सिंगल राहिला तरी चालतो.